मदत हवी आहे : बांधावरचं आग्या मोहोळ, केळीची कापणी अडकली

रावेरकडे आमची केळी आहे. परवा बांधावरच्या पिंपळाखाली मजुरांनी शेकोटी केली, धूर थेट आग्या मोहोळात गेला. नऊ जणांना माशा चावल्या. सगळे पळत घरात शिरले, दार लावलं, तेव्हा कुठे माशा हटल्या. नांग्या नखाने लगेच खरवडून काढल्या, साबणाच्या पाण्याने धुतलं, बर्फ लावला. एका ताईंच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागला; त्यांना तडक दवाखान्यात नेलं. तिथे मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं, रात्रभर ठेवलं. आता बऱ्या आहेत.

नांगीतून सुटणारा वास पिकल्या केळासारखा असतो आणि त्यावर आणखी माशा येतात, म्हणून सगळ्यांचे कपडे धुवायला लावले. केळीच्याच बागेत हे, काय बोलावं!

गावातले एक जण रात्री टेंभ्याने जाळून देतो म्हणाले. मी नको म्हटलं. फांदी उंच, खाली वाळलेली पानं, आणि उरलेल्या माशा सकाळी चवताळलेल्याच असणार. सध्या त्या बाजूला कोणाला जाऊ देत नाही.

पण घड तयार आहेत. न जाळता रात्री मोहोळ उतरवणारा जाणकार मधपाळ जळगाव-धुळ्याकडे कोणाच्या माहितीत आहे का? की ते आपोआप उठून जाईपर्यंत थांबावं? आणि त्या ताईंना पुन्हा बागेत बोलवावं का?