उत्तर: द्विपद की पॉयसन?

«पेटीत १०० स्क्रू, प्रत्येक सदोष असण्याची संभाव्यता ०.०२. जास्तीत जास्त एक सदोष निघण्याची संभाव्यता काढा. माझं उत्तर ०.४०३३, मैत्रिणीचं ०.४०६०. बरोबर कोणाचं?»

अचूक उत्तर तुझं. स्क्रू मोजून १०० आहेत, प्रत्येक एक तर चांगला नाही तर सदोष, आणि ते एकमेकांपासून स्वतंत्र मानले आहेत. म्हणजे मुळात हे द्विपदच:

P(X=०) = ०.९८^१०० = ०.१३२६
P(X=१) = १०० × ०.०२ × ०.९८^९९ = ०.२७०७

बेरीज ०.४०३३.

मैत्रिणीने पॉयसन वापरून, λ = np = २ घेऊन e^(−२) × (१ + २) = ०.४०६० काढलंय. तेही चुकीचं नाही, फक्त ते अंदाजी आहे. p लहान असल्यामुळे फरक तिसऱ्या दशांश स्थळी गेला.

हा अंदाज कधी फसतो ते बघ. १० स्क्रू आणि p = ०.२ घेतलं तरी np २च येतो, त्यामुळे पॉयसन पुन्हा ०.४०६० च सांगतो. द्विपदाने मात्र ०.१०७४ + ०.२६८४ = ०.३७५८ येतात. कारण व्हेरियन्समध्ये आहे: पॉयसनचा व्हेरियन्स λ एवढाच, म्हणजे २, द्विपदाचा np(१−p), म्हणजे इथे १.६. तुझ्या पेटीत तो १.९६ होता, म्हणून निभावलं. पॉयसन वापरण्याआधी मी तरी हे दोन आकडे शेजारी लिहून बघतोच.

प्रश्नात n दिलेलाच नसेल, नुसतं «तासाला सरासरी २ फोन येतात» असं असेल, तर मात्र थेट पॉयसन. न आलेले फोन मोजणार कसे?