मदत हवी आहे: करंट कमी, तरी पाइपातल्या वायरी तापतात

अकोलेकर: आमच्या क्लासला पत्र्याचं छत आहे. दोन टनी सहा एसी, प्रत्येकाला वेगळी २.५ चौरस मिमीची तांब्याची पीव्हीसी वायर. सहाही सर्किटं पत्र्याखालून एकाच पाइपातून जातात. क्लॅम्प मीटरवर प्रत्येकी ११ अँपियर येतात. वायरमन म्हणतो, वायर २४ ची आहे. तरी दुपारी पाइपाला हात लावला की चटका बसतो आणि मधल्या बॉक्समध्ये वायरी मऊ पडून एकमेकींना चिकटल्यात. वायर बनावट असेल का?

नितीन_वायरिंग: स्क्रू ढिले असणार. आवळून घ्या.

अकोलेकर: दोन्ही टोकं पाहिली, ठीक आहेत. उलट मधेच जास्त तापतं.

जुना फोरमन: मग स्क्रू नाही. ढिला जोड असता तर टोकाजवळ वीतभर वायर तापली असती, अख्खा पाइप नाही. वायरही बहुधा चांगली आहे. ते २४ अँपियर पाइपात एकच सर्किट आणि भोवती ३० अंश असतानाचे. तुमच्याकडे बारा वायरी एकमेकींची उष्णता अंगावर घेतायत, म्हणून सहा सर्किटांना ०.५७ ने गुणायचं. पत्र्याखाली दुपारी ५० अंश धरले तर आणखी ०.७१. म्हणजे २४ × ०.५७ × ०.७१ = ९.७. तुम्ही ११ घेताय. पीव्हीसीला ७० अंशांपर्यंतच मुभा, त्यातले ५० हवेनेच खाल्ले. उरलेल्या २० त सगळं बसवायचं. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून वायर पंचाहत्तरीच्या पुढे जात असणार.

अकोलेकर: मग एमसीबी का पडत नाही?

जुना फोरमन: तो १६ चा ना? त्याला ११ दिसतात. पाइपातली गर्मी त्याला कुठे कळते!

वैशाली_प: माझ्या घरीही एका पाइपात पाच सर्किटं आहेत, दिवे-पंख्यांची. उखडू का?

जुना फोरमन: नको ताई. क्षमतेच्या तीस टक्क्यांहून कमी भार असलेली वायर या मोजणीत सहसा धरत नाहीत. अर्थिंगची वायरही नाही.

नितीन_वायरिंग: तीन पाइप टाका, दोन-दोन सर्किटांचे. झालं काम.

जुना फोरमन: अर्धं झालं. दोन सर्किटांना ०.८ लागतो, क्षमता १३.६ होते. ११ निघतील, पण १६ चा एमसीबी वायरीपेक्षा मोठाच राहतो. वायर ४ चौरस मिमीची घेतली तर ३२ पासून सुरुवात, १८ वर येते. मग बसतं. पाइप एकमेकांना खेटून मात्र नकोत, आणि चिकटलेल्या वायरी परत वापरू नका. तोवर तीनच एसी चालवा.

अकोलेकर: जागामालक नव्या पाइपांना नाही म्हणतोय. भिंतीच्या सावलीतून, पत्र्यापासून चार फूट खाली नेलं तर एका पाइपात भागेल?

जुना फोरमन: आधी तिथे दुपारी तीनला थर्मामीटर टांगा. आकडा इथे टाका, मग बोलू.