दुसरा गिअर जोरात सुटतो: ड्रम, फोर्क की आणखी काही?

नवशिका_रायडर: १५० सीसीची पाच गिअरची बाईक आहे. दुसऱ्यावर चढ चढताना रेस दिली की खट्ट आवाज होतो आणि गिअर सुटतो, इंजिन नुसतंच ओरडतं. हळू चालवली तर काही होत नाही. मेकॅनिक म्हणतो, 'इंजिन खोलावं लागेल.' खोलण्याआधी आत काय बिघडलं असेल ते समजून घ्यायचंय.

घाटवाला: क्लच केबल सैल कर. माझी अशीच इंजिन ओरडायची, प्लेटी गेल्या होत्या.

नवशिका_रायडर: दादा, क्लच स्लिप नाही. तिसऱ्या-चौथ्यावर कितीही रेस दिली तरी व्यवस्थित ओढते.

पानापक्कड: फोर्क वाकलाय. फोर्क गिअर सरकवून दुसऱ्या गिअरच्या दात्यांत अडकवतो. तो वाकला की दाते पूर्ण बसत नाहीत.

जुना_फिटर: फोर्कवर संशय बरोबर, पण दात्यांचं तसं नाही. सगळ्या गिअरजोड्यांचे दाते कायम एकमेकांत असतात. सरकणाऱ्या गिअरच्या बाजूला जाड खुंट्या असतात, त्यांना डॉग म्हणतात. त्या शेजारच्या गिअरच्या खाचांत शिरल्या की तो गिअर शाफ्टला बांधला जातो.

तू लिव्हर उचलतोस तेव्हा ड्रम एक घर फिरतो. ड्रमवर नागमोडी खोबणी कोरलेल्या असतात आणि प्रत्येक फोर्कची पिन आपापल्या खोबणीत असते. खोबण जिकडे वळेल तिकडे फोर्क सरकतो. पाय काढला की लिव्हर जागेवर येते, ड्रम तिथेच राहतो. म्हणून एका झटक्यात एकच गिअर. ड्रमला त्या घरात धरून ठेवतो तो स्प्रिंगचा रोलर, जो ड्रमच्या टोकावरच्या चांदणीसारख्या चकतीच्या, म्हणजे स्टारच्या, खळगीत बसतो.

डॉगच्या कडा किंचित आत तिरक्या असतात, त्यामुळे जोर आला की ते एकमेकांना ओढून घेतात. कडा गोल झाल्या की तोच जोर त्यांना बाहेर ढकलतो आणि सगळा भार फोर्कवर येतो. मग फोर्कही घासतो, वाकतो. तुझा गिअर रेस दिल्यावरच सुटतो, म्हणून माझा पहिला संशय डॉगवर.

गिअर सुटेल तेव्हा न्यूट्रलचा दिवा बघ. बहुतेक गाड्यांत तो ड्रमच्या स्थितीवर लागतो. लागला तर ड्रमच मागे फिरलाय, म्हणजे रोलर नाहीतर त्याची स्प्रिंग. ते काम बहुतेक गाड्यांत क्लच कव्हर काढून होतं. फोर्क आणि डॉगसाठी मात्र इंजिनची केस फोडावी, म्हणजे दोन भागांत उघडावी लागते.

नवशिका_रायडर: आज चढावर पाहिलं, दिवा लागत नाही.

पानापक्कड: मग फोर्क बदल, काम झालं.

जुना_फिटर: नुसता फोर्क टाकलास तर गोल डॉग नवा फोर्कही खातील. डॉगवाला गिअर आणि त्याचा जोडीदार दोन्ही बघ. कडेवर नख फिरव, धार लागायला हवी.

सोलापूरकर: पण ड्रम दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये अडकला तरी दिवा लागणार नाही ना? केस फोडण्याआधी रोलर तरी बघून घ्यावा.

जुना_फिटर: बरोबर आहे. नवशिका, सुटल्यावर लिव्हरला हात न लावता बाईक थांबव आणि मग एकदाच हलकेच उचल. दुसराच परत बसतोय की तिसरा, ते इथे सांग.