मदत हवी आहे: पाचवीसाठी जलचक्रावर हातवाऱ्यांची कविता

शिक्षिका_सिडको
नमस्कार. नाशिकमध्ये पाचवीला शिकवते. जलचक्राची कविता मुलांकडून हातवाऱ्यांसह बसवून घेते आहे. पहिलं कडवं असं आहे:

ऊन तापे, वाफ होई
पांढरा ढग बनून जाई
ढगावर ढग आपटता
धो धो पाऊस कोसळे बाई

पहिली ओळ झकास जाते, दुसरीला हात मागे पडतात. काय करू?



निवृत्त_गुरुजी
ताई, पहिल्या ओळीत आठ अक्षरं आहेत, पुढच्या तिन्हींत दहा. चार-चार अक्षरांवर हात बदलायची सवय एकदा लागली की जादाची दोन अक्षरं मुलांना पाडतात. सगळं आठात बसवा. शिवाय ढग आपटून पाऊस पडत नाही, ते काढाच. असं बघा:

ऊन पडे धरणात
पाणी होई वाफ वर
डोळ्यांना ती दिसेचना
चढे उंच भराभर

वर हवा गार गार
धुळीवर थेंब धरे
थेंबा थेंब मिळताना
जड होई, खाली झरे

वाफेला बोटं फाकवून हात वर. ‘धुळीवर’ला डाव्या हाताची तर्जनी उभी, म्हणजे धुळीचा कण, ‘थेंब धरे’ला उजव्या हाताची चिमूट तिच्यावर. तिसऱ्या ओळीला दोन्ही हातांच्या चिमटी जुळवून मूठ, ‘खाली झरे’ला मूठ खाली. बोटं फाकलेली तोवर वाफ, चिमूट झाली की पाणी, हा फरक हातातच राहतो.

मीनल_नाशिकरोड
वाफ दिसते की! कुकरची शिट्टी झाली की पांढरी वाफ येतेच. आणि पाऊस अरबी समुद्रावरून येतो, मग धरण कशाला?

निवृत्त_गुरुजी
कुकरजवळ लांबूनच नीट बघा. शिट्टीच्या अगदी तोंडाशी थोडी जागा रिकामी दिसते, खरी वाफ तिथे आहे. पुढे पांढरं दिसतं ते गार होऊन बनलेले बारीक थेंब. ढगही तसाच, थेंबांचा. आपल्या पावसाचं बरंचसं बाष्प अरबी समुद्रावरून येतं हे खरं, पण गंगापूर धरणातून, वाळत घातलेल्या कपड्यांतून, पानांतूनही पाणी वर जातंच. मुलांना धरण पाहून माहीत असतं म्हणून ते घेतलं. समुद्र हवा तर ‘ऊन पडे सागरात’ म्हणा, अक्षरं तीच.

शिक्षिका_सिडको
चिमटीची युक्ती उद्याच करून घेते. शेवटी नदीचं कडवं हवं होतं. सध्या हाताने एक मोठा गोल काढून संपवतो.

निवृत्त_गुरुजी
ब्रह्मगिरी माथ्यावर
सर आली, गोदा न्हाली
पूर्वेकडे वाहताना
माती थोडे पाणी प्याली

‘प्याली’ला बोटं जमिनीकडे. गोलाचं मात्र मलाही कोडंच आहे. बाष्प आलं पश्चिमेकडून, गोदावरी जाते बंगालच्या उपसागराला. निघाला तो थेंब त्याच जागी परततो असं गोलावरून मुलांना वाटतं.

मीनल_नाशिकरोड
मग गोलाऐवजी प्रत्येक मुलाने वेगळ्या दिशेला हात नेला तर? कुणी समुद्र, कुणी विहीर, कुणी झाड.

शिक्षिका_सिडको
पण मग चक्र हा शब्द हातातून कसा दाखवू? अजून कुणाला सुचतंय का?