हळदीचा पिवळा, पण अक्षरांना नको

"घरगुती मसाल्यांची साइट काढतेय, हळदीचा पिवळा रंग ठेवायचाय, लोगो स्वतःच केला तर जमेल का?"

जमेल की! इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसतं नाव मुक्ता किंवा बलू फॉन्टमध्ये जाड टाइप कर, दोन्ही फुकट आहेत आणि धंद्याला वापरता येतात, मग Object to Path ने अक्षरांचे आकार करूनच SVG सेव्ह कर, नाहीतर ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला अक्षरं भलतीच दिसतात. रंगाचं मात्र नीट बघ, पांढऱ्यावर पिवळी अक्षरं वाचताच येत नाहीत. #F2B705 चा पांढऱ्याशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदातला फरक, जेमतेम १.८ येतो, साध्या मजकुराला ४.५ तरी लागतो. म्हणून पिवळा फक्त पट्ट्याला आणि बटणाला, त्यावरची अक्षरं गडद तपकिरी #4A2511, तिथे कॉन्ट्रास्ट ७ च्या वर जातो आणि पांढऱ्यावरही हाच तपकिरी छान चालतो, तिसरा रंग सध्या घेऊच नकोस.