पुरस्काराच्या शिफारशीत नोंदवहीचा आधार घ्या
"'नेमून दिलेल्या कामापलीकडे काय केलं' या रकान्यात नेमकं काय लिहू?"

आधी जिची शिफारस करताय तिचं नेमून दिलेलं काम एका ओळीत लिहा, म्हणजे 'हे तर तिचं कामच आहे' असं निवड समितीला म्हणता येणार नाही. परळच्या एका रुग्णालयात आम्ही प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ ताईंची शिफारस केली होती. पहिल्या मसुद्यात 'कष्टाळू, मनमिळाऊ' एवढंच होतं. ते कुणालाही लागू पडलं असतं. त्यांचं काम आलेले नमुने तपासण्याचं. पण रक्त गोठू नये म्हणून आत रसायन असलेल्या जांभळ्या झाकणाच्या नळ्यांत ते नीट न मिसळल्याने रक्त गोठून नमुने बाद होतात आणि त्यातले बरेचसे संध्याकाळच्या पाळीतले असतात, हे त्यांनी नोंदवहीतून हेरलं. मग स्वतःची ड्युटी संपल्यावर त्या वॉर्डात गेल्या आणि रक्त घेतल्याबरोबर नळी जोरात न हलवता-आपटता अलगद 8 ते 10 वेळा उलटी-सुलटी कशी करायची, ते सिस्टरांना हाताने करून दाखवलं.

मसुद्यात आम्ही हेच लिहिलं आणि बाद नमुन्यांचे आधीच्या व नंतरच्या तिमाहीतले आकडे त्याच नोंदवहीतून जोडले. आकडा एकूण नमुन्यांच्या प्रमाणात द्या, नाहीतर रुग्ण कमी आले म्हणून बाद नमुने घटले, अशी शंका निघते. वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरांच्या दोन ओळीही घेतल्या, कारण फायदा दुसऱ्या विभागाला झाला होता आणि तो त्यांनीच सांगणं योग्य. त्याच काळात नवीन कर्मचारीही आले होते, तेही नमूद केलं. ते लपवलं असतं तर मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच आला असता.