परी गोरीच का?

«चार वर्षांची लेक म्हणते, सावळी मुलगी परी होऊ शकत नाही. घरात कुणी असं बोलत नाही. मग हे आलं कुठून?»

बोलावं लागतच नाही, ताई. पॅटरसन आणि बिग्लर या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात ३ ते ५ वर्षांच्या मुलांना लाल-निळे टीशर्ट दिले होते. काही वर्गांत बाई रंगावरून रांगा लावत. कुठला रंग चांगला, हे कधीच सांगत नसत. तीन आठवड्यांत तिथली मुलं आपल्या रंगाला जास्त झुकतं माप देऊ लागली. रंगाचा उल्लेखच टाळलेल्या वर्गांत हे कमी दिसलं. या वयात मूल एकाच ठळक खुणेवरून माणसांचे गट पाडतं, म्हणून नियम इतका ताठर होतो.

आमच्या ठाण्याच्या सोसायटीतल्या नाटुकल्यात परी दरवर्षी गोरीच असते. «परी गोरीच असते हे तुला कसं कळलं?» विचारल्यावर भाचीने स्टेजकडे बोट दाखवलं.